मदत हवी आहे: डायसल्फिराम बंद करून पाच दिवस झाले होते, तरी अर्ध्या ग्लास बिअरने एवढा त्रास कसा?

साताऱ्याचा_धाकटा:
थोरला भाऊ, वय ४५. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आणि स्वतःच्या मर्जीने दारू सुटावी म्हणून रोज रात्री डायसल्फिराम २५० घेत होता, वहिनी समोर उभी राहून द्यायची. घरात लग्न आलं तशी त्याने गोळी गालात धरून थुंकायला सुरुवात केली. शेवटची खरी गोळी शनिवारी पोटात गेली. गुरुवारी हळदीला अर्धा ग्लास बिअर. दहा मिनिटांत तोंड, मान, छाती लालबुंद, डोकं ठणकतंय, धडधड, मग उलट्यांवर उलट्या. दवाखान्यात बीपी ८०/५० निघालं. ईसीजी काढला, सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. आता ठीक आहे.

मेडिकलवाला म्हणतो, गोळी दोन दिवसांत अंगातून जाते. मग हे कसं झालं? आणि दादाचा एक मित्र याच गोळीवर पितो, त्याला काहीच होत नाही म्हणे. ते कसं?

पंचगंगाकाठ:
ही गोळी चरबीत साठते आणि हळूहळू रक्तात उतरते. गोळीमुळे दारू पचत नाही, ती साचून विष होते. दोन आठवडे पथ्य पाळायला सांगा.

नीलिमा_ठाणे:
आमच्या ह्यांना सांगून उपयोग नाही. डाळीत कुस्करून घातली तर चव लागते का?

निवृत्त_मास्तर:
नीलिमाताई, आधी तुम्हाला. असं करू नका. धाकट्यांच्या दादाला निदान ठाऊक होतं की गोळी चालू होती, आणि त्याने घेतली अर्धा ग्लास. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर रिचवेल. दारू जितकी जास्त तितकी रिअ‍ॅक्शन जबर, हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेतू शकतं. शिवाय रात्रीच्या दारूचा अंमल असतानाच सकाळी गोळी पोटात गेली तर तिथेच सुरू होईल. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्याशिवाय ती सुरूच करत नाहीत.

आता मूळ प्रश्न. पंचगंगाकाठ, थोडी गोळी चरबीत राहते हे खरं, पण मुख्य कारण वेगळं आहे, आणि साचते ती दारू नव्हे. यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, मग अ‍ॅल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करतं. डायसल्फिरामपासून शरीरात जो पदार्थ बनतो, तो या एन्झाइमच्या नेमक्या कामाच्या जागेला कायमचा चिकटतो. कुलपात फेविक्विक ओतल्यासारखं. नळी नंतर फेकून दिली तरी कुलूप उघडत नाही. रक्तातलं औषध संपलं म्हणून मेडिकलवाला म्हणतो ते चूक नाही, पण दादाच्या यकृतातलं बरंचसं एन्झाइम निकामीच होतं. पेशी नवं बनवतात तसतशी क्षमता परत येते, आणि त्याला एक ते दोन आठवडे लागू शकतात. पाचव्या दिवशी ते पुरेसं झालं नव्हतं.

लाली, धडधड, मळमळ हे अ‍ॅसिटाल्डिहाइडचं काम, ते रक्तवाहिन्या सैल करतं. बीपी इतकं का पडलं, तर हेच औषध नॉरअ‍ॅड्रेनलिन बनवणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमलाही अडवतं, त्यामुळे सैल पडलेल्या वाहिन्या पुन्हा आवळायची ताकद कमी पडते. म्हणून अशा वेळी माणसाला आडवं करून थेट दवाखाना गाठायचा, लिंबूपाण्यात वेळ घालवायचा नाही.

मित्राचं म्हणाल, तर औषध यकृतात बदलल्यावरच चालतं आणि तो बदल सगळ्यांत सारखा होत नाही. काहींना २५० पुरत नाही. किंवा तोही थुंकत असेल.

बेलापूरकर:
मला अमीबासाठी मेट्रोनिडाझोल दिलं होतं, वर एक बिअर घेतली तर असंच मळमळलं. तेच एन्झाइम ना?

निवृत्त_मास्तर:
पुस्तकांत वर्षानुवर्षं तसंच लिहिलंय. पण पुढे तपासलं तेव्हा त्या गोळीवर रक्तातलं अ‍ॅसिटाल्डिहाइड वाढलेलं सापडलं नाही. नुसत्या मेट्रोनिडाझोलनेही मळमळतं. तरी दारू टाळा असंच डॉक्टर सांगतात.

पंचगंगाकाठ:
म्हणजे दोन आठवडे बरोबरच होते की माझे!

साताऱ्याचा_धाकटा:
मास्तर, आभार. दादा आता म्हणतो, गोळीनेच मारलं असतं, पुन्हा घेणार नाही. सोमवारी डॉक्टरांकडे नेतोय. आई त्याला भूक लागावी म्हणून द्राक्षासव देते, ते चालेल का?

निवृत्त_मास्तर:
आज बंद करा. आसव-अरिष्टं आंबवलेली असतात, त्यांत अल्कोहोल असतोच, बाटलीवर छापलेलं बघा. खोकल्याची काही सिरपं आणि होमिओपॅथीचे थेंबही तसेच. सोमवारी लिव्हरची तपासणी मागा, या औषधाने क्वचित लिव्हरला सूज येते. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर सोमवारची वाट पाहू नका. गोळी नकोच म्हणत असेल तर तसं डॉक्टरांना उघड सांगू दे, नाल्ट्रेक्सोन वेगळ्या वाटेने चालतं, त्यात ही रिअ‍ॅक्शन नसते. त्याला कोणतं लागू पडेल ते मी इथून सांगू शकत नाही.

नीलिमा_ठाणे:
मग ते नाल्ट्रेक्सोन डाळीत चालेल का?