नागपूरची सिटी: कोणतं ऑइल कधी टाकलं

प्रशांतदादा,
तुम्ही घेतलेल्या गाडीची किल्ली मनीषनगरला आईकडे ठेवलीय, मी १२ तारखेला परत निघतो. गाडी २०१५ ची होंडा सिटी, पेट्रोल सीव्हीटी, आज ६८,४०० किमी. इंजिन ऑइल ६६,१०० ला फिल्टरसकट बदललं, ०डब्ल्यू-२० सिंथेटिक. ब्रेक फ्लुइड डॉट ४, पण २०२३ च्या दिवाळीतलं, ते आल्या आल्या बदलून घ्या. कूलंट होंडाचं निळं, तयार मिक्स येतं, त्यात पाणी घालू देऊ नका.

आता गिअरबॉक्स. त्यात फक्त एचसीएफ-२, होंडाचं सीव्हीटीसाठीचं ऑइल. ६२,००० ला एका गॅरेजमध्ये साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, वरून ओतलं, मला ते बिल वाचल्यावर कळलं, आणि पंधरा दिवसांत सिग्नलवरून निघताना गाडी थरथरायला लागली. मग दुसरीकडे स्वतः उभं राहून ड्रेन करवलं. एका वेळी सगळं निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं थोडं चालवून तीनदा केलं, दर वेळी ड्रेन बोल्टला नवीन वॉशर. तिसऱ्यांदा बोल्टच्या चुंबकावर पातळ राखाडी लेप होता, तुकडे नव्हते. थरथर गेली. पण सीव्हीटी बेल्टवर चालते, आत तो बेल्ट किती घासला ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच किंमत कमी सांगितली. एचसीएफ-२ चा उरलेला डबा डिकीत आहे.
– निखिल

निखिल,
नागपूरच्या ४५ डिग्रीत ०डब्ल्यू-२० म्हणजे पाणी होऊन राहील रे. सरळ २०डब्ल्यू-५० टाक म्हणा, माझी जुनी गाडी त्यावरच लाखभर चालली.
– अरुणकाका

काका,
तुमच्या जुन्या इंजिनला ते बरोबरच होतं. पण इंजिन किती तापावं ते थर्मोस्टॅट अन् कूलंट सांभाळतं, ते ९० च्या आसपास राहतं, मग बाहेर ४५ असो की डिसेंबरातले ९. मेमध्ये एसी लावून ट्रॅफिकात ऑइल थोडं जास्त तापतं हे खरं, तरी ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय त्यातलाच घ्या. व्हीटेकच्या पिना ऑइलच्या प्रेशरवर सरकतात, जाड ऑइल सकाळी तिथं उशिरा पोचतं.
– मीनाताई

ही गाडी विकायची आहे का? भावाला पाहिजे, पण डिझेल. माझ्या डिझेलचं ऑइल तर महिनाभरातच काळं झालं, खराब झालं का ते?
– स्नेहा

स्नेहा, गाडी दादांनी घेतली गं. डिझेलचं लवकर काळं होतंच, काजळीनं, बदलायचं ते किलोमीटर बघून.
– मीनाताई

निखिल, थरथर परत आली तर कळणार कसं? मला तर आत्ताच सगळं थरथरल्यासारखं वाटेल.
– प्रशांत

दादा, थंड गाडीत बघू नका. वीस मिनिटं चालवा, मग रिकाम्या रस्त्यावर २० ते ४० च्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून धरा. रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखं बारीक हादरलं तर तेच. मग परत ड्रेन करून बघायचं की थेट गिअरबॉक्स उघडायचा, यावर मी ज्या दोन मेकॅनिकना विचारलं त्यांचं एकमत झालं नाही. तिन्ही बिलं ग्लव्ह बॉक्समध्ये आहेत, ज्याला दाखवाल त्याला एटीएफचं बिल आधी दाखवा.
– निखिल