काळ्या नखांत नस कुठे संपते ते कसं ओळखायचं? कुत्रा पंजाला हात लावू देत नाही

नाशिककर_खंड्यावाली
खंड्या चार वर्षांचा, रस्त्यावरून आणलेला देशी. अठराच्या अठरा नखं काळीकुळकुळीत. मागच्या रविवारी पुढच्या पायाचं एक नख कापलं आणि नस कापली गेली. किंचाळला, पाय ओढून पळाला, हॉलभर रक्ताचे ठिपके. आता कटरचा ड्रॉवर नुसता उघडला तरी सोफ्याखाली जातो. नखं एवढी वाढलीत की रात्री फरशीवर टकटक ऐकू येते. नस कशी ओळखायची, आणि आता याला हात कसा लावायचा?

पिंट्याचा_बाबा
मोबाईलचा टॉर्च नखाच्या मागून धरा, आतली गुलाबी नस स्वच्छ दिसते. आंघोळीनंतर कापा, नखं मऊ असतात. आणि रोज डांबरी रस्त्यावर फिरवा, आपोआप झिजतील.

नाशिककर_खंड्यावाली
टॉर्च लावून पाहिला दादा. काळ्या नखातून काहीच दिसत नाही.

सातारी
ताई, रक्त आलं म्हणता, मग रेबीजचं इंजेक्शन घेतलंत का? ओरखड्याकडे दुर्लक्ष करू नका.

नाशिककर_खंड्यावाली
अहो, रक्त त्याचं आलं, माझं नाही 🙂

कात्री_कंगवा
अकरा वर्षं कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. टॉर्चची युक्ती पांढऱ्या नखांसाठी ठीक आहे. काळ्या नखाला खालून बघायचं. खंड्या झोपलेला असताना, हात न लावता, पंजाची खालची बाजू बघा. नखाच्या टोकाकडे पन्हाळीसारखी खोबण दिसेल आणि मुळाकडे नख भरीव झालेलं दिसेल. नस त्या भरीव भागात असते. टोकाचा पोकळ आकडा आधी उडवायचा.

त्यापुढे जेमतेम एक मिलिमीटरची चकती काढायची आणि दर वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो खडूसारखा कोरडा, पांढुरका दिसतो. मग मधोमध गडद, ओलसर ठिपका उमटतो. तिथे कटर खाली ठेवा. अजून एक चकती काढायचा मोह होतो आणि घात तिथेच होतो. नख वाढलं की नसही लांबते, म्हणून एका बैठकीत आखूड करायला जाऊ नका. दर आठ-दहा दिवसांनी थोडंथोडं कापलं की नस हळूहळू मागे सरकते.

कटर बोथट असेल तर आधी बदला. बोथट पातं नख कापण्याआधी दाबतं आणि नस वाचली तरी दुखतं. रक्त आलंच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर लावून तीन-चार मिनिटं दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका.

पिंट्याचा_बाबा
माझ्या पिंट्याची तर रस्त्यावरच झिजतात. कटर घेतलेलाच नाही.

कात्री_कंगवा
पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, वरचं अंगठ्याचं नख बघितलंत कधी? ते जमिनीला टेकतच नाही, त्यामुळे झिजतही नाही. गोल वळून कातड्यात रुतलेलं मी कितीदा काढलंय.

पिंट्याचा_बाबा
आत्ताच बघून आलो. बरंच वळलंय की हो.

डोंबिवली_लॅब
आम्ही सरळ टॉवेलमध्ये गुंडाळतो. मी धरतो, मुलगा कापतो. पाच मिनिटांत काम.

कात्री_कंगवा
तुमचा लॅब सोसतो, म्हणून चालतंय. घाबरलेल्या कुत्र्याला असं दाबलं की पुढच्या वेळी तो आधी दात दाखवतो. खंड्याचा कटर महिनाभर विसरा. आधी खांद्याला हात, लगेच पनीरचा तुकडा. हात आधी, पनीर नंतर, हा क्रम चुकवू नका, नाहीतर पनीर दिसलं की तो सावध होईल. दोन-तीन दिवसांनी कोपर, मग मनगट, मग पंजा, मग एक बोट हलकं दाबायचं. पाय ओढला तर सोडून द्या आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरू करा. दरम्यान त्याच्यासमोर कच्ची मॅकरोनी कटरने कापा, म्हणजे 'टक' आवाजाचीही सवय होईल. पहिल्या दिवशी एकच नख. आणि एकाच पंजाला फार जपत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, दुखरी नस किंवा चिरलेलं नख असू शकतं.

नाशिककर_खंड्यावाली
पाच आठवड्यांनी लिहितेय. मॅकरोनीचा आवाज आला की आता स्वयंपाकघरात धावत येतो! पुढच्या पायांची सहा नखं झाली, रक्त नाही. तिसऱ्या चकतीला तो ओलसर ठिपका दिसला तेव्हा माझाच हात थरथरला. मागच्या पायांना मात्र मांडीच्या खाली हात गेला की गुरगुरतो, उजव्या बाजूला जास्त. डॉक्टर म्हणाले गुंगीचं औषध देऊन एकदाच सगळी कापू. नवरा म्हणतो करून टाक, मला अजून पटत नाहीये.

कात्री_कंगवा
उजव्या बाजूलाच जास्त का, हे विचारलंत त्यांना? गुंगी द्यायचीच असेल तर त्याच वेळी तो कमरेचा सांधाही तपासून घ्या.