मदत हवी आहे: जर्नल क्लब, १० मिनिटं आणि माझ्या १९ स्लाइड्स

मेडिसिनची फर्स्ट इयर रेसिडेंट आहे, शुक्रवारी पहिल्यांदाच जर्नल क्लब घ्यायचंय. पेपर आहे रिकव्हरी ट्रायलचा, कोविडमधे डेक्सामेथासोन, २०२१ चा एनइजेएम. पेपरच्या क्रमानेच स्लाइड्स केल्या, टेबलं जशीच्या तशी चिकटवली, काल रूममधे घड्याळ लावून बोलले तर १० मिनिटं झाली तेव्हा मी अजून मेथड्समधेच होते. काय उडवू? प्लीज स्लाइडवार सांगा.

रात्रपाळी: इंट्रोडक्शन उडव, कोविड काय ते सगळ्यांनी बघितलंय.

जुना_रजिस्ट्रार: सात स्लाइड्स पुरतात. पहिलीवर फक्त प्रश्न, एका वाक्यात: अ‍ॅडमिट पेशंटला रोज ६ एमजी, जास्तीत जास्त १० दिवस दिलं तर २८ दिवसांत मृत्यू कमी होतात का. दुसरी डिझाइन, तिसरी पेशंट कोण होते. तिथे अख्खं टेबल लावू नकोस, एकच ओळ उचल, डेक्साचे पेशंट सरासरी १.१ वर्षांनी मोठे निघाले, म्हणून तर रिझल्ट वयानुसार अ‍ॅडजस्ट केलाय आणि हे कोणीतरी विचारणारच. चौथी मुख्य आकडा, २२.९ विरुद्ध २५.७ टक्के. इथपर्यंत साडेचार मिनिटांत पोच.

पाचवीला अडीच मिनिटं दे, खरा पेपर तिथेच आहे. पेपरातलं चित्र चिकटवू नको, तीन ओळी स्वतः टाइप कर:

```
व्हेंटिलेटर    २९.३ / ४१.४   ०.६४ (०.५१–०.८१)
ऑक्सिजन        २३.३ / २६.२   ०.८२ (०.७२–०.९४)
ऑक्सिजन नाही   १७.८ / १४.०   १.१९ (०.९२–१.५५)
```

आधी डेक्सा, मग नेहमीची ट्रीटमेंट. व्हेंटिलेटरवर शंभरामागे ४१ ऐवजी २९ गेले, हे असंच बोल, रेट रेशो नंतर. तिसऱ्या ओळीवर 'नुकसान होतं' म्हणू नकोस हां, रेंज १ च्या दोन्ही बाजूंना आहे, म्हणजे फायदा दिसला नाही, नुकसानाची शक्यता उरते, एवढंच. सहावी उणिवा, सातवी आपल्या वॉर्डात काय बदलेल.

डॉ_अर्धवेळ: उणिवांत पहिलं लिही, प्लासिबो नाही, ओपन लेबल, म्हणजे रिझल्टवर भरवसा कमी.

जुना_रजिस्ट्रार: ओपन लेबल बरोबर, पण मोजलंय काय? मृत्यू. तो डॉक्टरला गोळी माहीत आहे म्हणून बदलत नाही. दुखणं किंवा डिस्चार्जची तारीख असती तर तुमचं म्हणणं जास्त लागू पडलं असतं.

सोलापूरकर: मला पोस्टरसाठी टेम्प्लेट हवंय, फाइल कोणी देईल का?

रात्रपाळी: ताई, वेगळा धागा काढा ना.

धागाकर्ती: खूप आभार! पाचवी आत्ताच केली, मोठ्याने वाचली, दोन मिनिटं वीस सेकंद. एक अडलंय, आमच्या मॅडमना उणिवा रिझल्टच्या आधी हव्या असतात, मग सहावी चौथीच्या जागी नेऊ?

जुना_रजिस्ट्रार: मी नेली नसती, आकडा बघण्याआधी उणीव ऐकली की लोकांना ती किती मोठी ते कळत नाही.

रात्रपाळी: मार्क मॅडम देणार आहेत, ने.