चौदा इंची लॅपटॉप: १६:९ की १६:१०?

फोंडेकर: पर्वरीला दुकानात दोन चौदा इंची बघून आलो, एक १९२०×१०८०, दुसरा १९२०×१२००, बाकी सगळं सेम पण दुसऱ्याला सहा हजार जास्त. दिवसभर कोडिंग नि क्लायंटची डॉक्युमेंटं, रात्री कधीतरी पिक्चर. फक्त १२० पिक्सेलसाठी सहा हजार, पटतं का?

काजूबोंडू: नाही. इंच तेवढेच, मग स्क्रीनपण तेवढीच. नुसता आकार बदलून पैसे काढतात.

कुशावती: इंच तेवढेच असतात कारण ते कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजतात रे. १६:९ ची उंची साधारण १७.४ सेंमी, १६:१० ची १८.८, आणि रुंदीत फक्त ०.८ सेंमी जातो.

फोंडेकर, खरा हिशोब असा. चौदा इंचावर स्केलिंग बहुतेक १५० टक्के ठेवावं लागतं, म्हणजे उंचीत हाताला ७२० किंवा ८०० च येतात. त्यातले टास्कबार, टॅब, खालची पट्टी मिळून माझ्याकडे १६० जातात, आणि ते दोन्हीकडे तेवढेच जातात. माझी कोडची ओळ १९ ची, म्हणजे २९ ओळी विरुद्ध ३३, यात काय मोठंसं नाही म्हणशील. पण खाली टर्मिनल उघड, त्याला २०० दे, आता १८ विरुद्ध २३! स्क्रीन उंचीला ११ टक्के वाढली पण दिसणारा कोड पावपट वाढला, कारण पट्ट्यांचं भाडं आधीच भरून झालेलं असतं.

तिसवाडीकर: हिशोब बरोबर, पण टास्कबार लपवला, टर्मिनल उजवीकडे नेलं की १६:९ वर पण भागतं. मी चार वर्षं तेच करतोय, सहा हजारांची रॅम घातली.

कुशावती: टर्मिनल उजवीकडे नेलं की एरर मेसेजच्या ओळी मोडतात, मग फाइलचं नाव एकीकडे नि लाइन नंबर खालच्या ओळीत. मला नाही जमलं. टास्कबारचं मात्र मान्य, आणि रॅम आठच असेल तर आधी रॅम.

म्हापशेकर: मी हिशेबनीस, माझं एक्सेल आडवं पसरतं, बारा महिन्यांचे बारा कॉलम. मला रुंदच हवा.

कुशावती: तुमच्या कॉलमांना फरक नाही पडणार हो, पिक्सेल आडवे दोन्हीकडे १९२० च. अक्षर किंचित बारीक दिसेल तेवढंच.

काजूबोंडू: आणि पिक्चरला काळ्या पट्ट्या?

कुशावती: १६:९ चा व्हिडिओ असेल तर वर-खाली एकेक सेंमीपेक्षा कमी. थिएटरचे पिक्चर बरेचदा त्याहून लांबट, त्यांना तुझ्या स्क्रीनवरही पट्ट्या येतातच.

फोंडेकर: आणि ३:२ वाला? दोन पानं शेजारी बसतात म्हणे.

कुशावती: बसतात, दोन ए-फोर जवळजवळ त्याच आकाराची होतात. पण इथल्या दुकानांत बघायला मिळेल याची खात्री नाही, आणि न बघता मी तरी घेणार नाही.

फोंडेकर: शनिवारी पेन ड्राइव्हवर माझी एक फाइल घेऊन जातो, दोन्हीवर टर्मिनलसकट उघडून ओळी मोजतो. रॅम आठच आहे बहुतेक, तो पण घोळच.