मदत हवी आहे : सातव्या मजल्यावरील पुनर्विक्रीचा फ्लॅट आणि अपुरे भोगवटा प्रमाणपत्र

नमस्कार. पुण्यात 2011 साली बांधलेल्या सात मजली इमारतीतील सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही विकत घेण्याच्या विचारात आहोत. मालकांनी दाखवलेले भोगवटा प्रमाणपत्र नीट वाचल्यावर ते अंशतः असून त्यात पाचव्या मजल्यापर्यंतचाच उल्लेख असल्याचे लक्षात आले. त्याविषयी विचारताच त्यांनी मिळकतकराच्या पावत्या पुढे केल्या. परंतु कर भरला म्हणजे बांधकाम मंजूर ठरते असे नाही, एवढे मला ठाऊक आहे. शिवाय हॉलला जोडून घेतलेली बाल्कनी मंजूर नकाशात उघडीच दिसते.

सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला आहे, मात्र त्यात केवळ मासिक देखभाल खर्चाचा उल्लेख असून मोठ्या दुरुस्तीसाठी ठरलेल्या वर्गणीबद्दल काहीच नाही. सोसायटीने हस्तांतरण अधिमूल्य म्हणून 50 हजार रुपये मागितले आहेत. महापालिका हद्दीत 25 हजारांची कमाल मर्यादा असल्याने ही रक्कम मला पटत नाही.

वरच्या दोन मजल्यांना बांधकामाची परवानगी होती पण भोगवटा राहून गेला, की ते मजले परवानगीशिवायच चढवले, हे महापालिकेच्या बांधकाम विभागातील कोणत्या कागदांवरून निश्चित कळेल? सुधारित मंजूर नकाशा व प्रारंभ प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत खरेदीदाराला माहिती अधिकारात मिळते का? विसार देण्यापूर्वी हे समजून घ्यायचे आहे.