शब्दचर्चा: ‘व्हल्कनायझेशन’ म्हणजे ‘गंधकीकरण’ का?

अनुवादिका, कोथरूड
शाळकरी वाचकांसाठी रबरावर एक लेख लिहिते आहे. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवतात, म्हणून ‘व्हल्कनायझेशन’साठी मी ‘गंधकीकरण’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘रबर लवचीक करणे’ असे सुचवले आहे. मला दोन्हींत खोट वाटते, पण ती नेमकी सांगता येत नाही. ‘क्रॉस-लिंक’साठीही शब्द हवा आहे.

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ
‘गंधकीकरण’च ठेवावे. १८३९ मध्ये गुडइयर यांना गंधकाचाच गुण सापडला. ‘व्हल्कन’ हा रोमन लोकांचा अग्निदेव. ते नाव इंग्लंडमध्ये रबर कारखानदार हॅनकॉक यांचे मित्र ब्रॉकडन यांनी सुचवले, गुडइयर यांनी नव्हे. अर्थवाही शब्द हाताशी असताना परक्या दैवताला मराठीत आणण्याचे कारण मला दिसत नाही.

रबर मोल्डिंगवाला, भोसरी
सरांचा इतिहास बरोबर आहे, पण आमच्या प्रेसवर सिलिकॉनची गॅस्केटे होतात ती पेरॉक्साइडने, त्यात गंधकाचा कणही नसतो, आणि तरीही घडते ते व्हल्कनायझेशनच. गंधक हे एक साधन आहे. मुख्य गोष्ट अशी की, रबराचे रेणू म्हणजे सुट्या लांब साखळ्या, आणि त्या अधूनमधून एकमेकींना बांधल्या जातात. तो बंध म्हणजेच ‘क्रॉस-लिंक’.

हे पाहायचे असेल तर पंक्चरवाल्याकडचे सोल्यूशन आठवा. ते म्हणजे द्रावकात विरघळलेले कच्चे रबर. आता एक साधे रबरबँड झाकणाच्या काचेच्या बाटलीत, विस्तवापासून दूर, रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवा. ते फुगून बुळबुळीत आणि दुबळे होईल, पण विरघळणार नाही, आणि पेट्रोल उडून गेले की जवळजवळ पहिल्या मापावर येईल. साखळ्या सुट्या असत्या तर त्या द्रावकात पांगल्या असत्या. इथे सगळे रबरबँड मिळून एकच जाळे झालेले असते.

संपादकांच्या ‘लवचीक’बद्दल सांगायचे तर, वाकते ते लवचीक, आणि ताण सोडल्यावर मूळ आकाराला येते ते स्थितिस्थापक. कच्चे रबरही वाकते आणि ताणले जाते, पण ताणून धरले की साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि ते तसेच लांबट राहते. मऊ रबरात काही शे कार्बन अणूंमागे एखादाच बंध असतो. तेवढ्याने घसरणे थांबते, आणि मधल्या वेटोळ्यांना उलगडायला व पुन्हा गोळा व्हायला मोकळीक राहते. शंभर भाग रबराला दोन-तीन भाग गंधक पुरते. तेच तीस भागांच्या वर गेले की एबोनाइट होते, ज्याची जुनी फाउंटन पेने आपल्यापैकी काहींकडे असतील. ते पेन ताणून पाहा! क्रिया तीच, म्हणून ‘लवचीक करणे’ हा अर्थ टिकत नाही.

गृहिणी, सिंहगड रोड
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. सोसायटीच्या खतखड्ड्यात ‘जैवविघटनशील’ असे छापलेली, मक्यापासून केलेली पिशवी टाकली. आठ महिन्यांनी तशीच निघाली. रबरही झाडाचेच, मग टायर का कुजत नाही? ‘जैव’ म्हणजे वनस्पतीपासून केलेले, असेच ना?

रबर मोल्डिंगवाला, भोसरी
नाही, आणि हा घोळ त्या शब्दानेच घातला आहे. कशापासून केले आणि कसे मोडते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसापासून केलेले पॉलिथिन हे पॉलिथिनच असते: कणा सलग कार्बनचा, त्यात पाण्याला किंवा जंतूंच्या विकरांना धरायला सांधाच नाही. उलट पीबीएटी हे प्लास्टिक खनिज तेलापासून करतात आणि ते कुजते. मक्यापासून केलेल्या पीएलए या प्लास्टिकच्या कण्यात दर घटकामागे एस्टरचा सांधा असतो. आधी पाणी तो तोडते, मग लहान तुकडे जंतू खातात. मात्र हे तोडणे वेगाने होण्यासाठी साठ अंशांच्या आसपासची ऊब आणि ओल टिकून राहावी लागते. तुमची पिशवी खरोखर पीएलएची असेल, तर सोसायटीच्या थंड खड्ड्यात ती तशीच राहिली यात नवल नाही.

एस्टर असला की कुजतेच, असेही नाही. पाण्याच्या बाटलीच्या पॉलिएस्टरमध्येही तो असतो, पण तिथल्या ताठ बेंझीन कड्यांमुळे सांध्यापर्यंत पोचणे अवघड होते. कच्च्या रबराच्या साखळ्या काही जीवाणू दुहेरी बंधांपाशी हळूहळू तोडतात. टायरमध्ये गंधकाचे पूल आणि मिसळलेली रसायने त्यांच्या आड येतात.

निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ
पेरॉक्साइडचा मुद्दा मान्य. तरी नैसर्गिक रबरापुरते ‘गंधकीकरण’ चालावे, असे माझे मत आहे. ‘क्रॉस-लिंक’साठी ‘सेतुबंध’ घ्यावा.

अनुवादिका, कोथरूड
‘व्हल्कनीकरण’ लिहीन आणि गंधकाचा उल्लेख वाक्यात करीन. ‘सेतुबंध’ ऐकून मुलांना रामायणच आठवेल. मी ‘आडबंध’कडे झुकते आहे. कारखान्यात काय म्हणतात?

रबर मोल्डिंगवाला, भोसरी
बंधाला कोणी नावच घेत नाही. आम्ही ‘क्युअर’ म्हणतो. जाड बुश प्रेसमधून लवकर काढला तर वरून चकचकीत दिसतो, पण कापला की आत सुईच्या टोकाएवढी भोके दिसतात, तेव्हा कामगार म्हणतात, “आतून कच्चा आहे.” ‘आडबंध’ला माझी हरकत नाही, फक्त गंधकाचा तो पूल बहुधा एकाच अणूचा नसतो, एवढे चित्रात दाखवा.