जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीची खरी क्षमता कशी तपासावी? मदत हवी आहे

नमस्कार. नवी असताना 3 किलोवॉट-तास क्षमतेची बॅटरी असलेली एक वापरलेली स्कूटर मी पाहिली आहे. डिस्प्लेवरील रेंज हा निव्वळ अंदाज असल्यामुळे, मालकांच्या संमतीने सॉकेटला युनिट मोजणारे मीटर लावून ती 20 वरून 100 टक्के चार्ज केली, तेव्हा 2.3 युनिट वीज लागली. चार्जरमधील घट सुमारे 12 टक्के धरल्यास बॅटरीत साधारण 2 युनिट गेले, म्हणजे पूर्ण क्षमता अडीच युनिट, मूळच्या 83 टक्के. मात्र बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या बीएमएस यंत्रणेने दाखवलेले 20 टक्केच चुकीचे असतील, तर हा हिशेब टिकत नाही, आणि एखादा कमजोर सेलही यातून उघड होत नाही. पैसे देण्यापूर्वी चढावर, कमी चार्जवर चालवून टक्के अचानक कोसळतात का हे पाहणे पुरेसे आहे, की सर्व्हिस सेंटरमधून प्रत्येक सेलच्या व्होल्टेजचा अहवाल मागावाच? कृपया जाणकारांनी सांगावे.